जवळचा खरेदीदार आणि कधीच न येणारा खरेदीदार: सोशल ॲपवरील विक्रीचे सविस्तर मार्गदर्शन

घरातील वापरलेली वस्तू सोशल ॲपच्या बाजारात विकायला ठेवली की थोड्याच वेळात संदेश येऊ लागतात, आणि खरे खरेदीदार व भामटे यांची सुरुवात बहुतेक वेळा एकाच वाक्याने होते: "हे अजून उपलब्ध आहे का?" हे वाक्य सहसा कोणी टाइप केलेले नसते. ते ॲपनेच तयार ठेवलेले असते आणि एक बटण दाबले की रवाना होते. त्यामुळे पहिल्या संदेशावरून माणसाची पारख करता येत नाही. ती पुढच्या चार-पाच संदेशांवरून होते, मात्र त्यासाठी हा बाजार कशावर चालतो हे आधी समजून घ्यावे लागते.

तो चालतो अंतरावर. फेसबुकने ऑक्टोबर 2016 मध्ये मार्केटप्लेस सुरू केले, तेव्हा खरेदी-विक्रीच्या गटांतून लोक आपापसांत व्यवहार करतच होते. नव्या सुविधेने त्याच व्यवहारांना ठिकाण आणि शोध यांची जोड दिली. वस्तू जवळच्या माणसाला दिसावी, त्याने येऊन ती पाहावी, पैसे द्यावेत आणि घेऊन जावी, अशी ही मूळ मांडणी आहे. फसव्या खरेदीदाराला नेमकी हीच मांडणी मोडावी लागते, कारण तो जवळ नसतो आणि येणारही नसतो. म्हणून लिस्टिंग, म्हणजे विक्रीसाठी टाकलेली वस्तूची जाहिरात, जवळच्यांपर्यंत कशी पोहोचते हे ज्याला कळले, त्याला फसवणूक ओळखण्याचे अर्धे काम आधीच साधलेले असते.

उदाहरणासाठी एक शिलाई मशीन घेऊ: स्टँड आणि मोटर असलेले, चालू स्थितीतील, मागितलेली किंमत 8,000. वस्तू जड आहे, चालवून पाहिल्याशिवाय कोणी घेत नाही आणि कुरिअरने पाठवणे गैरसोयीचे आहे. पुढील विवेचनासाठी ती सोयीची आहे.

ठिकाण नीट बसवणे

लिस्टिंगला एक ठिकाण जोडलेले असते आणि खरेदीदाराच्या शोधालाही एक ठिकाण व त्याभोवतीचे अंतर जोडलेले असते. या दोन ठिकाणांमधील अंतर खरेदीदाराने निवडलेल्या मर्यादेत बसले, तरच आपली वस्तू त्याच्या शोधात येण्याची शक्यता निर्माण होते. येथे विक्रेते एक चूक हमखास करतात: ॲप आपला फोन कुठे आहे हे पाहून ठिकाण आपोआप योग्य धरेल, असे ते समजतात. प्रत्यक्षात लोकेशनची परवानगी बंद असेल, अलीकडे घर बदलले असेल किंवा प्रवासात असताना लिस्टिंग टाकली असेल, तर जुने अथवा भलतेच ठिकाण बसू शकते. मशीन एका शहरात आणि विचारणा दुसऱ्या शहरातून, असे झाले की खरेदीदारांना दोष देण्याआधी हे ठिकाण तपासावे.

लिस्टिंग भरताना ठिकाणाचा रकाना उघडून परिसराचे नाव स्वतः निवडावे. ॲप घराचा नेमका पत्ता दाखवत नाही, नकाशावर परिसराचा अंदाज देणारे वर्तुळ दाखवते. तेवढे पुरेसे आहे. इमारतीचे नाव वर्णनात लिहू नये आणि दारावरची पाटी फोटोत येऊ देऊ नये, कारण पत्ता देण्याची वेळ भेट ठरल्यावर येते, आधी नाही.

लिस्टिंग प्रसिद्ध झाल्यावर तिची चाचणी घ्यावी. जवळपास राहणाऱ्या एखाद्या परिचिताला त्याच्या फोनवर नाव न सांगता फक्त "शिलाई मशीन" शोधायला सांगावे आणि अंतराची मर्यादा आधी कमी, मग जास्त ठेवून वस्तू कुठे दिसते ते पाहावे. कमी अंतरात दिसत नसेल आणि जास्त अंतरात दिसत असेल, तर ठिकाण चुकलेले असण्याचा संभव सर्वाधिक. कुठेच दिसत नसेल, तर लिस्टिंग अजून तपासणीत अडकलेली असू शकते. प्रत्येक लिस्टिंग नियमांच्या स्वयंचलित तपासणीतून जाते, आणि प्राणी, शस्त्रे, मद्य यांसारख्या वस्तूंना मनाई असते. मनाई नसलेली वस्तूही कधी चुकून अडवली जाते. अशा वेळी नवी लिस्टिंग टाकण्याऐवजी फेरतपासणीची विनंती करावी, कारण एकाच वस्तूच्या अनेक लिस्टिंग उपद्रव म्हणून धरल्या जाऊ शकतात. चाचणी घेताना एक पथ्य पाळावे: लिस्टिंग मित्रांपासून लपवण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर चाचणी मित्रयादीत नसलेल्या माणसाच्या फोनवर घ्यावी, नाहीतर वस्तू दिसत नाही म्हणून उगाच गोंधळ होतो.

शब्द, किंमत आणि फोटो

अंतराच्या चाळणीतून गेलेल्या लिस्टिंग पुढे शब्दांच्या चाळणीत येतात. शीर्षकात "घरातील सुंदर वस्तू, लगेच विकायची आहे" असे लिहिले, तर शोधणाऱ्याचा एकही शब्द त्यात नसतो. "शिलाई मशीन, मोटर व स्टँडसह, चालू स्थितीत" हे शीर्षक रूक्ष वाटेल, पण खरेदीदार जे शब्द टाइप करतो तेच त्यात आहेत. मशीनवर कंपनीचे नाव आणि मॉडेल क्रमांक असेल तर तो शीर्षकात अवश्य घालावा, कारण मॉडेल क्रमांकाने शोधणारा माणूस बहुधा घेण्याच्या तयारीत असतो. आपल्या परिसरात लोक एकाहून अधिक भाषांत शोधत असतील, तर वस्तूचे दुसऱ्या भाषेतील नाव वर्णनात एकदा लिहावे.

वर्ग आणि स्थिती हे रकाने प्रामाणिकपणे भरावेत. किंमत मात्र अनेक जण मुद्दाम खोटी भरतात. 1 किंवा 1234 असे लिहून "किंमत संदेशात विचारा" असे सांगितले की जास्त लोक विचारतील, अशी समजूत असते. परिणाम उलटा होतो. 6,000 ते 9,000 अशी मर्यादा लावून शोधणाऱ्या गंभीर खरेदीदाराला ती लिस्टिंग दिसतच नाही, आणि जे विचारतात ते बहुतांशी फुकट्या आशेने आलेले असतात.

फोटो दिवसाच्या उजेडात काढावेत आणि त्यांतला एक दोष दाखवणारा असावा. मशीनच्या पट्ट्याला चीर असेल, तर ती जवळून दाखवावी. याचा एक अनपेक्षित फायदा आहे: खरा खरेदीदार त्या चिरेबद्दल विचारतो, भामट्याला ती दिसतही नाही.

वर राहणे आणि जुने होणे

जुळलेल्या लिस्टिंगमधून कोणती वर दाखवायची याचे नेमके गणित कंपनी उघड करत नाही. अंतर, शोधशब्दांशी जुळणी, खरेदीदाराने आधी काय पाहिले, लिस्टिंग किती ताजी आहे, या गोष्टींचा त्यात वाटा असतो. व्यवहारात विक्रेत्याच्या हाती ताजेपणा तेवढा असतो. काही खरेदीदारांनी आपला शोध जतन करून सूचना सुरू ठेवलेल्या असतात, त्यामुळे लिस्टिंग टाकल्यावरचे पहिले काही तास महत्त्वाचे ठरतात. आपण संदेशांना उत्तर देऊ शकू अशा वेळीच ती टाकावी. काही दिवस उलटल्यावर ॲप नूतनीकरणाचा पर्याय देते, तो वापरावा. त्याने काम भागले नाही, तर जुनी लिस्टिंग काढून नव्या फोटोंसह पुन्हा टाकावी. त्याच लिस्टिंगमधून परिसरातील खरेदी-विक्री गटांतही वस्तू मांडता येते, आणि जड वस्तूंसाठी मला हा मार्ग पैसे भरून केलेल्या प्रसिद्धीपेक्षा उपयुक्त वाटतो, कारण गटातील माणसे आधीच त्या परिसरातील असतात.

ताज्या लिस्टिंगवर भामट्यांचीही नजर असते. नवा विक्रेता उत्साहात असतो आणि चटकन उत्तर देतो, हे त्यांना ठाऊक असते.

दोन संवाद

आता मशीनबद्दल आलेले दोन संवाद शेजारी ठेवून पाहू. दोन्ही मी केवळ उदाहरणादाखल रचले आहेत.

पहिला खरेदीदार लिहितो: "उपलब्ध आहे का? मोटर किती जुनी आहे? पट्टा बदलावा लागेल असे फोटोत दिसते. सात हजारांत देता का? शनिवारी संध्याकाळी बघायला येऊ शकतो." दुसरा लिहितो: "उपलब्ध आहे का? मला घ्यायची आहे. किंमत मान्य आहे. मी सध्या बाहेरगावी आहे, पैसे आत्ताच पाठवतो, माझा भाऊ येऊन घेऊन जाईल. तुमचा फोन नंबर आणि ईमेल द्या, लिस्टिंग काढून टाका."

नवख्या विक्रेत्याला पहिला माणूस कटकट्या आणि दुसरा सज्जन वाटतो. पहिला घासाघीस करतो, दोष काढतो, वेळ मागतो. दुसरा एकही प्रश्न न विचारता पूर्ण किंमत द्यायला तयार आहे. पण वापरलेले, चालवून न पाहिलेले यंत्र कोणी पूर्ण किमतीत, न बघता, आगाऊ पैसे देऊन का घेईल? ज्याला वस्तू हवी असते त्याला वस्तूबद्दल शंका असतात, आणि ज्याला पैशांच्या व्यवहारातून काही काढायचे असते त्याच्या सगळ्या शंका पैसे पाठवण्याच्या पद्धतीबद्दल असतात.

दुसऱ्या संदेशातील एकेक गोष्ट सुटी घेतली तर निरपराध असू शकते. लोक खरोखर बाहेरगावी असतात, भावाला पाठवतात. "वस्तू न पाहणे", "आगाऊ पैसे देण्याचा आग्रह" आणि "तिसऱ्याच माणसाने नेणे" या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की संशय पक्का धरावा. फोन आणि ईमेलची मागणी का, हेही समजून घ्यावे. ॲपमधील संवादाची नोंद राहते, तक्रार करता येते आणि संशयास्पद संवादावर ॲप इशारा देऊ शकते, म्हणून भामट्याला तेथून बाहेर पडायचे असते. शिवाय पैसे जमा झाल्याची खोटी सूचना पाठवायला त्याला ईमेल किंवा नंबर लागतोच.

प्रोफाइल पाहावी, पण तिच्यावर फार विसंबू नये. खाते या वर्षीच उघडलेले, फोटो सगळे एकाच दिवशी टाकलेले, मित्र जगाच्या भलत्याच कोपऱ्यातले, अशी चिन्हे उपयोगी आहेत. मात्र चोरलेले खाते दहा वर्षे जुने आणि कौटुंबिक फोटोंनी भरलेले असू शकते, तर खऱ्या खरेदीदाराने खाजगीपणासाठी सगळे लपवलेले असू शकते. वागणुकीची परीक्षा प्रोफाइलपेक्षा भरवशाची असते, आणि ती घ्यायला दोन संदेश पुरतात. पहिला: "मशीन चालवून पाहिल्याशिवाय मी देत नाही, शनिवारी पाच ते सात या वेळेत केव्हा याल?" दुसरा: "पैसे मशीन पाहिल्यावर, जागेवरच घेईन, आगाऊ नको." खरा माणूस वेळ सांगतो किंवा दुसरा दिवस सुचवतो. भामटा वेळेचा प्रश्न टाळून पुन्हा पैसे पाठवण्याकडे वळतो, कधी रागावतो, कधी "दुसरे गिऱ्हाईक नको म्हणून थोडे जास्त देतो" असे म्हणतो.

जास्तीच्या पैशांचा डाव

हे जास्तीचे पैसे म्हणजेच गळ. समजा, विक्रेत्याने ईमेल दिला. थोड्या वेळात एखाद्या पेमेंट सेवेच्या नावाने पत्र येते: "आपल्यासाठी 8,000 आले आहेत, परंतु आपले खाते वैयक्तिक असल्याने रक्कम रोखली आहे. खाते व्यावसायिक करण्यासाठी खरेदीदाराने आणखी 3,000 पाठवावेत." मागोमाग भामट्याचा संदेश येतो की त्याने 11,000 पाठवले आहेत, तेव्हा वरचे 3,000 परत करावेत. विक्रेता आपल्या खऱ्या खात्यातून 3,000 पाठवतो. त्याच्याकडे 11,000 कधी आलेलेच नसतात. आले होते ते फक्त पत्र.

त्यामुळे पैसे आले की नाही हे ईमेल, संदेश किंवा समोरच्याच्या फोनवरील छायाचित्र पाहून ठरवू नये. आपले बँकेचे ॲप स्वतः उघडून शिल्लक पाहावी, आणि तेथे जाण्यासाठी समोरच्याने पाठवलेली लिंक वापरू नये. धनादेशाच्या बाबतीत तर शिल्लक पाहूनही भागत नाही. काही देशांत बँका धनादेश वटण्यापूर्वीच रक्कम वापरायला देतात, मग तो खोटा असल्याचे दिवसांनी किंवा आठवड्यांनी उघड होते आणि रक्कम खात्यातून परत काढून घेतली जाते. दरम्यान परत केलेली "जास्तीची" रक्कम मात्र खरी असते, आणि ती आपल्या खिशातून गेलेली असते.

याच जातीचा आणखी एक प्रकार पेमेंट ॲपवर चालतो. "पैसे पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका," असे सांगितले जाते. पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी नसतो. पिन मागितला गेला याचाच अर्थ रक्कम आपल्या खात्यातून बाहेर चालली आहे.

"तुम्ही खरे आहात का?"

काही भामट्यांना मशीनशी किंवा तिच्या किमतीशी देणेघेणे नसते, त्यांना विक्रेत्याचा फोन नंबर हवा असतो. संवाद साधारण असा असतो: "इथे फार फसवणूक होते, तुम्ही खरे विक्रेते आहात याची खात्री करायची आहे. तुमच्या फोनवर सहा आकडी कोड पाठवला आहे, तो सांगा." तो कोड भामट्याने तयार केलेला नसतो. त्याने दुसऱ्या एखाद्या सेवेत विक्रेत्याचा नंबर टाकलेला असतो आणि त्या सेवेने नंबरचा मालक तपासण्यासाठी ओटीपी पाठवलेला असतो. अमेरिकेत या युक्तीने विक्रेत्याच्या नंबरवर गूगल व्हॉइस या इंटरनेटवरील फोन नंबर देणाऱ्या सेवेचे खाते उघडले जाते आणि पुढच्या फसवणुकी त्या आडोशाने केल्या जातात. इतरत्र त्याच युक्तीने व्हॉट्सॲप खाते बळकावता येते किंवा एखाद्या खात्याचा पासवर्ड बदलता येतो.

ओळखण्याचा उपाय सोपा आहे: कोडचा संदेश पूर्ण वाचावा. तो कोणत्या सेवेचा आहे आणि कोणालाही सांगू नये, असे त्यात बहुधा लिहिलेलेच असते. घाईत लोक फक्त आकडे वाचतात.

कुरिअरच्या नावाची लिंक

2019 पासून गाजलेल्या एका पद्धतीला सुरक्षा संशोधकांनी "क्लासिस्कॅम" असे नाव दिले. ती प्रथम रशियात दिसली आणि नंतर अनेक देशांत पसरली. तिच्यात टोळीतला माणूस विक्रेत्याची लिस्टिंग टेलिग्रामवरील बॉटला, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रामला, देतो आणि बॉट काही क्षणांत खोटे पान तयार करतो. पानावर विक्रेत्याचाच फोटो, त्याचीच किंमत आणि एखाद्या ओळखीच्या कुरिअर सेवेचे चिन्ह असते. "खरेदीदाराने पैसे भरले आहेत, ते स्वीकारण्यासाठी कार्डाचा तपशील भरा," असे तेथे लिहिलेले असते. पान पटते, कारण त्यावर आपलीच वस्तू दिसते. पण ती तर सर्वांना दिसत होती, ती उचलून पानावर चिकटवायला काहीच लागत नाही. कार्डाचा क्रमांक, कार्डाच्या मागच्या बाजूचे तीन आकडे आणि मग ओटीपी भरला की खात्यातून रक्कम जाते.

काही देशांत ॲपच्याच आत पैसे भरून वस्तू पाठवण्याची सोय आहे आणि तिच्यासोबत खरेदी-संरक्षण असते. ते संरक्षण ॲपबाहेरच्या लिंकला किंवा हातोहात झालेल्या व्यवहाराला लागू नाही. म्हणून संवादात आलेली कुरिअरची कोणतीही लिंक उघडू नये. शिलाई मशीनसारख्या वस्तूला तर कुरिअर मुळातच गैरसोयीचे, त्यामुळे तो आग्रहच संशयास्पद मानावा.

भेटीची वेळ

भेट ठरली की लिस्टिंगवर "राखीव" अशी खूण करावी, ती काढून टाकू नये, कारण ठरलेली बरीच माणसे येत नाहीत. लहान वस्तू वर्दळीच्या सार्वजनिक जागी द्यावी. मशीनसारखी जड वस्तू घरीच दाखवावी लागते, तेव्हा सोबत कोणी तरी असावे आणि शक्य असल्यास मशीन दाराजवळच्या खोलीत आणून ठेवावे. खरेदीदाराने ते चालवून पाहावे. ऑनलाइन पैसे देत असल्यास रक्कम आपल्या खात्यात दिसेपर्यंत मशीन गाडीत चढवू देऊ नये. "नेटवर्क नाही, पाच मिनिटांत दिसेल" असे म्हणणारा प्रामाणिक असेल, तर तोही ती पाच मिनिटे थांबेल.

काही निसटून गेले असेल तर

ओटीपी सांगून बसला असाल, तर संदेशात नाव असलेल्या सेवेत लगेच जावे. व्हॉट्सॲप असल्यास आपल्या नंबरने पुन्हा नोंदणी केली की दुसऱ्या फोनवरील नोंदणी सुटते. त्यानंतर द्विस्तरीय पडताळणीचा पिन लावावा. कार्डाचा तपशील दिला असेल, तर बँकेला फोन करून आधी कार्ड बंद करावे आणि वाद-विवाद मागाहून करावा. रक्कम गेली असेल, तर बँकेला आणि पोलिसांच्या सायबर विभागाला त्याच दिवशी कळवावे, कारण पुढच्या खात्यातून ती काढून घेतली जाण्यापूर्वी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते.

संवाद पुसून टाकू नये. प्रोफाइलचा दुवा, संदेश, ज्या खात्यावर पैसे मागितले त्याचा क्रमांक आणि वेळ यांची छायाचित्रे आधी काढावीत, मग त्या संवादातूनच तक्रार नोंदवावी आणि सर्वांत शेवटी त्या खात्याला ब्लॉक करावे. क्रम उलटा केला, तर काही पुरावे हाताशी राहत नाहीत. पुढचे काही दिवस "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो" असे संदेश आले, तर तेही त्याच टोळीचे असू शकतात, कारण आपण एकदा फसलो आहोत हे तिलाच ठाऊक असते.